पुस्तक मिटून लिहिलेलं टिपण

*ताई, मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कादंबरी वाचली की वर्षानुवर्षं लक्षात राहते, पण माहितीपर किंवा वैचारिक पुस्तक संपवून पंधरा दिवस झाले की नावापलीकडे काही सांगता येत नाही. वाचताना मी ओळींखाली रेघा मारते, महत्त्वाची वाक्यं वहीत उतरवून घेते. अशा तीन वह्या भरल्या आहेत. नोट्स कशा काढाव्यात आणि वाचलेलं लक्षात कसं ठेवावं, यावर कोणती पुस्तकं वाचू?*

सध्या एकच पुस्तक हातात घे, ‘मेक इट स्टिक’. त्यानंतर दोनेक महिन्यांनी दुसरं, ‘हाऊ टू टेक स्मार्ट नोट्स’. हा क्रम उलटा करू नकोस. नोट्सवरच्या पुस्तकांपासून सुरुवात केलीस तर तुझी चौथी वही पहिल्या तिघींपेक्षा नीटनेटकी होईल, पण विसरणं तेवढंच राहील. मीही बरीच वर्षं अशा वह्या भरल्या. एकदा जुनी वही उघडली तेव्हा अक्षर माझं होतं, पण पान मात्र कुणा दुसऱ्याचं वाचल्यासारखं वाटलं. एकेक वाक्य डोळ्यांतून थेट हातात उतरलं होतं, मध्ये कुठे थांबलंच नव्हतं.

‘मेक इट स्टिक’ २०१४ मध्ये आलं. हेन्री रोडिगर आणि मार्क मॅकडॅनियल हे स्मरणशक्तीवर संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ, आणि पीटर ब्राऊन हे लेखक, अशा तिघांनी मिळून ते लिहिलं आहे. पुस्तकाचा मुख्य मुद्दा एवढाच की एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा आत घातल्याने जेवढी टिकते, त्याहून ती आतून बाहेर काढण्याच्या खटपटीत जास्त टिकते. यामागचा रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांचा २००६ चा एक प्रयोग तुला सांगते, कारण तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

विद्यार्थ्यांना शास्त्रीय विषयावरचा एक छोटा उतारा वाचायला दिला. मग काहींना तोच उतारा पुन्हा वाचायला सांगितला. बाकीच्यांना कोरा कागद देऊन, उतारा न बघता, आठवेल ते लिहायला सांगितलं. लिहिलेलं बरोबर की चूक हेही त्यांना सांगितलं नाही. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, सुमारे ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा चित्र फिरलं होतं. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं आणि कोऱ्या कागदावर लिहिणाऱ्यांना ५६.

यातला पाच मिनिटांचा आकडा मला आठवड्याच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. पुन्हा वाचलं की लगेच, त्या क्षणी, खरोखरच जास्त येतं. म्हणून रेघ मारलेली ओळ दुसऱ्यांदा वाचताना ‘हे मला कळलंय’ असं वाटतं, आणि ते वाटणं खोटं नसतं. मात्र ओळ ओळखीची वाटणं आणि ती समोर नसताना सांगता येणं ही दोन वेगळी कामं आहेत. तुझा सराव पहिल्याचा होतो आणि पंधरा दिवसांनी गरज पडते ती दुसऱ्याची. कादंबरीचं तसं होत नाही, कारण तिच्यात एका घटनेतून दुसरी निघते. शिवाय ती वाचून झाल्यावर तू कुणाला तरी गोष्ट सांगतेस, म्हणजे पुस्तक हातात नसताना ती आठवतेस. वैचारिक पुस्तकाचं असं सांगणं आपण कधी करत नाही, ते मुद्दाम करावं लागतं.

म्हणून तुला नोट्सची एकच पद्धत सुचवते. ती पुस्तक मिटून लिहायची.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवते. स्टीव्हन जॉन्सन यांचं ‘द घोस्ट मॅप’ हे २००६ चं पुस्तक १८५४ साली लंडनच्या सोहो भागात आलेल्या कॉलऱ्याच्या साथीवर आहे. समजा, डॉ. जॉन स्नो यांनी रोगाचं मूळ कसं शोधलं, तो भाग तू वाचलास. दहा-बारा पानं झाल्यावर पुस्तक मिटायचं आणि पाच मिनिटं कागदावर आठवेल ते लिहायचं. बहुतेकांचं पहिलं टिपण साधारण असं येतं:

‘१८५४ मध्ये लंडनला कॉलरा आला. लोकांना वाटायचं घाण हवेमुळे रोग होतो. स्नोने नकाशा काढला, मृत्यू एका हातपंपाभोवती होते. पंपाचा दांडा काढला आणि साथ थांबली.’

आता पुस्तक उघडायचं आणि वेगळ्या शाईने दुरुस्ती करायची. इथे दोन गोष्टी समोर येतात. पहिली अशी की शेवटचं वाक्यच चुकलं आहे. ८ सप्टेंबरला दांडा काढला तेव्हा साथ आधीच उतरणीला लागली होती, आणि पुस्तकात तसं सांगितलंही आहे. डोक्याने आपल्या सोयीने गोष्ट सरळ करून घेतली. पुन्हा नुसतं वाचलं असतं तर ही चूक कधीच सापडली नसती, कारण बरोबर वाक्य समोर असताना मनातलं चुकीचं वाक्य दिसत नाही.

दुसरी गोष्ट अशी की टिपणात घटना आल्या, पण युक्तिवाद गळून पडला. मृत्यू पंपाभोवती होते एवढ्याने पाणी दोषी ठरत नाही. हवेला दोष देणारे म्हणू शकतात की त्या जागची हवाच वाईट होती. स्नो यांना बळ मिळालं ते नियमात न बसणाऱ्या माणसांमुळे. दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा त्या साथीत वारली. तिला या पंपाचं पाणी आवडायचं, म्हणून ती ते रोज मागवून घ्यायची. तिच्याकडे आलेली तिची भाची तेच पाणी प्यायली आणि तीही गेली. उलट पंपाच्या अगदी जवळ बिअरचा एक कारखाना होता, त्यातल्या सत्तरेक कामगारांपैकी कुणीही दगावलं नाही. त्यांना प्यायला बिअर मिळायची आणि कारखान्याची स्वतःची विहीर होती. म्हणजे हवा तीच असूनही पाणी वेगळं होतं तिथे माणसं वाचली, आणि हवा वेगळी असूनही पाणी तेच होतं तिथे माणसं मेली. त्या दहा-बारा पानांचा प्राण हा आहे, आणि पहिल्या टिपणातून नेमका हाच सुटला होता.

वैचारिक पुस्तकांत असं नेहमी घडतं. नावं, साल, निष्कर्ष हे सगळं चिकटून राहतं, पण ‘म्हणून’ आणि ‘कारण’ निसटतात. त्यामुळे दुरुस्ती करताना सुटलेला प्रत्येक तपशील भरत बसू नकोस. कारणं तेवढी भर.

त्यानंतर कागदाच्या मागे किंवा छोट्या कार्डांवर तीन-चार प्रश्न लिही. उत्तर एका शब्दात संपेल असा प्रश्न टाळ. ‘दांडा कधी काढला?’ या प्रश्नाने तारीख राहील आणि बाकी सगळं जाईल. मी असे प्रश्न लिहिले असते: मृत्यू पंपाभोवती होते, एवढ्याने स्नो यांचं म्हणणं सिद्ध का होत नाही? हॅम्पस्टेडचा एक मृत्यू पंपाजवळच्या कितीतरी मृत्यूंपेक्षा जास्त काय सांगतो? कारखान्यातले कामगार वाचले, यावरून कोणती शंका फिटते? दांडा काढल्यामुळेच साथ थांबली, असं का म्हणता येत नाही?

या चार प्रश्नांची उत्तरं तू पुस्तक न बघता देऊ शकलीस तर तो भाग तुझा झाला. एवढ्या पानांना चार पुरेत. वीस प्रश्न काढणारे आठवड्याने कंटाळतात आणि सगळीच कार्डं सोडून देतात.

आता हे प्रश्न पुन्हा कधी सोडवायचे? ‘मेक इट स्टिक’चा दुसरा मोठा धडा याच अंतराबद्दल आहे. थोडं विसरू द्यायचं आणि मग आठवायचं. लगेच आठवलं तर कष्ट पडत नाहीत आणि फायदाही फारसा होत नाही. किती थांबायचं हे आपल्याला किती दिवस लक्षात ठेवायचं आहे त्यावर ठरतं. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हे तपासलं तेव्हा ढोबळमानाने असं दिसलं, की आठवड्यानंतर लागणार असेल तर मधलं अंतर एखाद्या दिवसाचं बरं आणि वर्षभराने लागणार असेल तर तीन-चार आठवड्यांचं. तुझ्यासाठी मी दुसरा दिवस, मग एक आठवडा, मग एक महिना, असं सोपं गणित ठेवेन. तारीख प्रश्नाच्या कोपऱ्यात लिहून ठेव. दर वेळी उत्तर तोंडाने पुटपुटू नकोस. दोन ओळी लिही किंवा मोठ्याने बोल, नाहीतर ‘येतंय की’ असं वाटून आपण पुढे जातो. उत्तर आलं नाही तर बघ, पण त्या कार्डावरची तारीख पुन्हा दुसऱ्या दिवशीची कर. पुढे हे काम ‘अँकी’ नावाच्या मोफत सॉफ्टवेअरला देता येतं, तेच तारखा सांभाळतं. पहिला महिना मात्र कागदावरच कर. सॉफ्टवेअर हातात आलं की दुसऱ्यांनी बनवलेले प्रश्न उतरवून घेण्याचा मोह होतो, आणि प्रश्न काढताना होणारा विचार तेवढा हुकतो.

ही पद्धत कुठे फसते तेही सांगते. पुस्तक मिटल्यावर कागद जवळजवळ कोराच राहिला, तर जबरदस्तीने बसून राहण्यात अर्थ नाही. जे आठवलंच नाही त्याचा सराव होत नाही. याची कारणं बहुधा दोनच असतात. भाग फार मोठा घेतला असेल तर दहा पानांऐवजी तीनच पानं घे. किंवा विषयच इतका नवा असेल की नव्या गोष्टीला टांगायला आत खुंटी नाही. अशा वेळी त्या विषयावरचं एखादं लहान, सोपं पुस्तक आधी वाचावं आणि मग मोठ्याकडे परत यावं. त्याच विषयावरचं दुसरं पुस्तक पहिल्यापेक्षा किती सहज राहतं, हे तुला स्वतःलाच जाणवेल. वाचताना वेग निम्म्यावर येईल, हे मात्र आधीच मान्य करून टाक. म्हणून प्रत्येक पुस्तक असं वाचायचं नाही. महिन्याला एक पुस्तक या पद्धतीने आणि बाकीची नेहमीसारखी, एवढं पुरे.

इंग्रजी पुस्तकाचं टिपण मराठीत लिही, असा माझा आग्रह आहे. भाषा बदलली की वाक्य जसंच्या तसं उतरवता येत नाही, आधी समजून घ्यावंच लागतं. एकेका वाक्याचा अनुवाद करत बसलीस तर मात्र ती नक्कलच झाली. पुस्तक मिटलेलं असलं की तो धोका आपोआप टळतो.

‘मेक इट स्टिक’ वाचताना पहिली दोन प्रकरणं, मग पाचवं आणि शेवटचं आठवं, एवढं आधी वाच. पाचव्यात आपल्याला येत नसताना येतंय असं का वाटतं, ते फार चांगलं समजावलं आहे. तुझ्या तीन वह्यांचं गूढ तिथे उलगडेल. आठव्यात विद्यार्थ्यांसाठी थेट सूचना आहेत. पुस्तकात तेच मुद्दे फिरून फिरून येतात, याचा काही वाचकांना कंटाळा येतो. लेखकांनी ते जाणून केलं आहे. अंतर ठेवून उजळणी हा त्यांचाच सिद्धांत त्यांनी पुस्तकाच्या रचनेत वापरला आहे.

आता दुसऱ्या पुस्तकाकडे येते. झोंके आरेन्स यांचं ‘हाऊ टू टेक स्मार्ट नोट्स’ २०१७ मध्ये आलं. निकलास लुहमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाच्या कार्डांच्या पेट्यांवर ते आधारलेलं आहे. लुहमान यांनी आयुष्यभरात सुमारे ९०,००० कार्डं लिहिली आणि त्यांच्या आधाराने डझनावारी पुस्तकं आणि शेकडो लेख लिहिले. आरेन्स नोट्सचे तीन प्रकार करतात. चालता-बोलता सुचलेली, पुढे फेकून द्यायची घाईची नोट. पुस्तक वाचताना काढलेली, स्वतःच्या शब्दांतली थोडक्यात नोट. आणि कायम ठेवायची नोट, जिच्यात एकच विचार असतो आणि तो पुस्तक बाजूला ठेवूनही समजतो.

हे पुस्तक मला मनापासून आवडतं, पण ते काय आहे ते नीट समजून घे. ते लिहिणाऱ्यांसाठी आहे. लुहमान कार्डं लिहायचे ती डोक्यावरचं ओझं कार्डांवर टाकता यावं म्हणून, आणि पुढच्या लेखाला कच्चा माल मिळावा म्हणून. तुला परीक्षेत, चर्चेत, स्वतःच्या विचारात गोष्ट आठवायला हवी आहे, म्हणून त्यातलं सगळं तुझ्या उपयोगाचं नाही. क्रमांकांची रचना, पेट्या, सॉफ्टवेअरची तुलना हा भाग निःसंकोच सोड. त्यातली एकच सवय उचल, कायमच्या नोटची. ‘द घोस्ट मॅप’वरून माझी कायमची नोट अशी झाली असती: ‘उपाय केल्यानंतर फरक पडला, यावरून तो उपायानेच पडला असं ठरत नाही. फरक आधीच सुरू झाला होता का ते बघावं.’ या नोटमध्ये कॉलरा नाही, लंडनही नाही. उद्या तू अर्थशास्त्रावरचं पुस्तक वाचत असशील आणि एखाद्या धोरणानंतर भाव उतरले असं त्यात लिहिलं असेल, तेव्हा हीच नोट तुला हात देईल. त्या दिवशी तिच्याखाली नव्या पुस्तकाचं नाव आणि पान लिहायचं. अशा जोडण्या होऊ लागल्या की जुनं पुस्तक नव्या पुस्तकाच्या निमित्ताने आपोआप पुन्हा आठवलं जातं.

एका पुस्तकातून अशा तीन-चार नोट्स निघाल्या तर भरपूर झालं. तीस निघत असतील तर तू पुन्हा वाक्यं उतरवायला लागली आहेस. ओळखायची खूण सोपी आहे. महिन्यापूर्वीची कोणतीही नोट काढ आणि फक्त पहिली ओळ वाचून पुढचं न बघता सांगून बघ. जमलं नाही, आणि वाचल्यावरही ‘हे मी का लिहिलं होतं?’ असा प्रश्न पडला, तर ती नोट लिहिताना विचार झालेला नव्हता.

आणखी दोन नावं तुझ्या कानावर येतील. मॉर्टिमर अॅडलर यांचं ‘हाऊ टू रीड अ बुक’ १९४० चं आहे, आणि चार्ल्स व्हॅन डोरेन यांच्यासोबत केलेली १९७२ ची सुधारित आवृत्ती आज वाचली जाते. त्यातला वरवरच्या चाचपणीचा भाग तेवढा वाच. प्रस्तावना, अनुक्रमणिका, सूची आणि शेवटची पानं चाळून पुस्तकाचा सांगाडा आधी हाती घ्यायचा. वीस मिनिटांचं काम आहे, आणि खुंट्या त्यातूनच तयार होतात. जोशुआ फोअर यांचं ‘मूनवॉकिंग विथ आइन्स्टाइन’ २०११ चं. ओळखीच्या घरातल्या जागांवर गोष्टी मनाने मांडून लक्षात ठेवायची प्राचीन युक्ती त्यात आहे, आणि ती शिकून लेखकाने २००६ ची अमेरिकेतली स्मरणस्पर्धा जिंकली. वाचायला फार रंजक पुस्तक आहे. पत्त्यांचा क्रम, नावांच्या याद्या अशा गोष्टींना ही युक्ती उत्तम लागू पडते. हॅम्पस्टेडच्या मृत्यूने हवेचा सिद्धांत का डळमळला, हे मात्र कोणत्याही खोलीच्या कोपऱ्यात मांडून ठेवता येत नाही. म्हणून ते सुट्टीत वाच.

जुन्या तीन वह्या टाकू नकोस. त्यातलं एक पुस्तक निवड, तुला सगळ्यात जास्त हवंसं वाटणारं. वही न उघडता त्याबद्दल एक पान लिही, मग वही उघड. काय आलं आणि काय सुटलं ते दोन रंगांत दिसेल, आणि पहिले चार प्रश्न त्या सुटलेल्यातूनच निघतील.